दोन गुणांसाठी सरांना चिठ्ठी: पेपर पुन्हा तपासण्याची विनंती कशी करावी

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीचे पेपर वाटून झाले की मुंबईतल्या ज्युनिअर कॉलेजांत स्टाफरूमच्या दाराशी गर्दी होते. शाळेत बाई तुम्हाला नावानं ओळखत होत्या, "बाई, इथे बघा ना" एवढं पुरायचं. इथे एका तुकडीत ऐंशी-शंभर मुलं, एकाच सरांकडे अशा तीन-चार तुकड्या, आणि दाखवलेले पेपर बहुतेक ठिकाणी त्याच तासाला परत गोळा होतात. अशा वेळी "सर, मला मार्क कमी पडलेत" या वाक्यातून सरांना काहीच कळत नाही. कुठला प्रश्न, कुठली ओळ आणि तुमचं म्हणणं काय, एवढं नीट सांगितलं तर तीच गोष्ट दोन मिनिटांत निकाली निघते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून उदाहरणही त्यातलंच घेतो. गणित, रसायनशास्त्र किंवा अकाउंट्सलाही हीच रीत चालते.

पेपर हातात आहे तोवर

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचं पेन खिशात ठेवा. तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर तुमच्या हातची एक रेघ जरी नवी दिसली तरी पुढचं सगळं बोलणं संशयाच्या छायेत जातं, मग तुमचा हेतू कितीही साधा असो. विसरलेलं एकक नंतर लिहिण्याचा मोह तर अजिबात नको. पेनाच्या शाईचा फरक आम्हाला दिसतो.

मग पहिल्या पानावरच्या चौकटीतले गुण आणि आतल्या पानांवरचे गुण जुळतात का ते पाहा. बेरीज स्वतः करा. पुरवणी जोडली असेल तर तिच्यातल्या उत्तरांवर लाल शाई दिसते का बघा. एखादं उत्तर अर्धवट सोडून पुढे पाच पानांनंतर पूर्ण केलं असेल, तर तो उरलेला भाग नजरेतून सुटलेला असू शकतो. बेरीज चुकणं आणि उत्तर न तपासलेलं राहणं या दोन गोष्टींसाठी चिठ्ठी-बिठ्ठी काही लागत नाही. पेपर गोळा व्हायच्या आत उठून "सर, पान ९ वरचं उत्तर तपासायचं राहिलंय" एवढंच म्हणायचं. सर तिथेच दुरुस्त करतात, त्यात कुणाला कमीपणा नसतो.

चिठ्ठी लागते ती तिसऱ्या प्रकाराला. उत्तर तपासलेलं आहे, गुणही दिलेले आहेत, पण ते कमी दिले असं तुम्हाला वाटतं. हा मतभेदाचा मामला आहे आणि मतभेद वर्गाच्या गोंगाटात मिटत नाही. म्हणून पेपर परत देण्याआधी वहीत चार गोष्टी टिपून घ्या: प्रश्नाचा क्रमांक आणि त्याचे गुण, उत्तर कितव्या पानावर आहे, सरांनी नेमकी कुठे खूण केली आहे, आणि तुमच्या उत्तराच्या ओळी जशाच्या तशा. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. बऱ्याच कॉलेजांत वर्गात मोबाइल बाहेर काढायलाच बंदी असते आणि चोरून काढलेला फोटो विनंतीला जोडला की मूळ मुद्दा बाजूला पडून मोबाइलचीच चर्चा सुरू होते.

एक उदाहरण

प्रश्न ३ (ब), ३ गुण: २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक दगड २० मीटर प्रति सेकंद वेगानं सरळ वर फेकला. तो जमिनीवर पडायला किती वेळ लागेल? (`g = 10 m/s²`)

वर्गात शिकवलेली रीत अशी की गच्ची हा आरंभबिंदू धरायचा, वरची दिशा धन मानायची आणि सगळ्या प्रवासाला एकच समीकरण लावायचं:

```
s = ut + ½at²
-25 = 20t - 5t²
t² - 4t - 5 = 0
t = 5 s
```

एका विद्यार्थिनीनं मात्र प्रवासाचे दोन तुकडे केले. तिच्या उत्तरपत्रिकेत एवढंच होतं:

```
t1 = u/g = 20/10 = 2 s
h = u²/2g = 400/20 = 20 m
45 = ½ × 10 × t2²
t2 = 3 s
t = 2 + 3 = 5 s
```

तिला तीनपैकी एक गुण मिळाला आणि ४५ भोवती लाल गोल करून पुढे प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

आता तपासणाऱ्याच्या बाजूनं बघा. गुणदानाची योजना साधारण अशी असते: चिन्हांसकट योग्य समीकरण १ गुण, किमती घालून सोडवणं १ गुण, एककासह उत्तर १ गुण. गठ्ठ्यातला साठावा पेपर तपासताना डोळे `-25 = 20t - 5t²` ही ओळ शोधत असतात. ती दिसत नाही. मध्येच ४५ येतो, तो कुठून आला हे लिहिलेलं नाही. उत्तर बरोबर आहे, पण शेजारच्या बाकावरून आलंय की काय अशी शंका येते. म्हणून उत्तराचा एक गुण देऊन पान उलटलं जातं. मला यात दुष्टावा दिसत नाही, आणि तुम्हालाही तो दिसला नाही तरच पुढची चिठ्ठी नीट उतरेल.

मुलीची पद्धत चूक आहे का? नाही. दगड वर जाताना २ सेकंद घेतो आणि २० मीटर चढतो. सर्वोच्च बिंदू जमिनीपासून २५ अधिक २०, म्हणजे ४५ मीटरवर. तिथून खाली यायला ३ सेकंद. एकूण पाच. भौतिकशास्त्र पूर्ण बरोबर आहे, फक्त ४५ ची बेरीज लिहून दाखवायची राहिली आहे. म्हणजे तिची बाजू मजबूत आहे, पण तिच्यात एक भोक आहे. चिठ्ठी लिहिण्याआधी दोन्ही गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत.

विनंती करण्याजोगी आहे का, हे कसं ओळखायचं

आधी प्रश्नाचे शब्द पुन्हा वाचा. वरच्या प्रश्नात "किती वेळ लागेल" एवढंच विचारलंय, रीत सांगितलेली नाही. म्हणून दुसरी बरोबर रीत मान्य व्हावी असं म्हणता येतं. तोच प्रश्न "गतीचं दुसरं समीकरण वापरून काढा" असा असता तर दोन तुकड्यांची रीत कितीही सुबक असली तरी मागणी टिकली नसती. "व्याख्या लिहा", "सिद्ध करा", "आकृतीसह स्पष्ट करा", यांतला प्रत्येक शब्द काही विशिष्ट गोष्ट मागत असतो. आकृती मागितली होती आणि तुम्ही सहा ओळी सुंदर लिहिल्या पण आकृती काढली नाही, तर ते गुण गेले.

मग तेच उत्तर पुस्तक न बघता कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. पुन्हा सोडवताना तुम्हाला एखादी जादा ओळ लिहावीशी वाटली, तर तीच ओळ पेपरात नव्हती आणि गुण बहुतेक तिच्यापायीच गेले. सरांना दिसतं ते कागदावरचं. तुमच्या डोक्यात काय होतं त्याला गुण देता येत नाहीत.

थोडी अवघड जागा असते ती पुढे ओढल्या गेलेल्या चुकीची. समजा (अ) मध्ये तुम्ही वेळ चुकून ४ सेकंद काढला आणि (ब) मध्ये जमिनीवर आदळतानाचा वेग विचारला होता. तुम्ही ४ हीच किंमत घालून २० मीटर प्रति सेकंद असं उत्तर काढलं. खरं उत्तर ३० आहे. काही शिक्षक म्हणतात, (ब) ची रीत बरोबर आहे, चूक एकदाच झाली आणि तिचे गुण एकदाच कापावेत. काही म्हणतात, २० च्या वेगानं गच्चीवरून वर फेकलेला दगड २५ मीटर खाली जमिनीवर पुन्हा २० नंच आदळेल कसा, हे विद्यार्थ्याला खटकायला हवं होतं. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. इथे हक्क सांगू नका, नुसतं विचारा: "सर, (अ) मधली किंमत चुकल्यामुळे (ब) च्या पायऱ्यांना गुण मिळू शकतात का?"

एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण गेला, अक्षर लागत नाही म्हणून गेला, उणे चिन्ह सुटलं म्हणून गेला, अशा गोष्टींसाठी जाऊ नका. एका पेपरातल्या पाच जागा घेऊन येणाऱ्याच्या पाचही जागा पातळ होतात. सगळ्यात भक्कम एक निवडा, फार तर दोन.

मैत्रिणीचा पेपर शेजारी ठेवून बघायला हरकत नाही, त्यातून गुणदान कसं झालंय ते कळतं. पण चिठ्ठीत तिचं नाव किंवा तिचे गुण येऊ देऊ नका. "तिला तीन दिलेत, मला एकच" असं म्हटलं की सर आधी तिचा पेपर मागवतील. तिचे दोन कमी झाले आणि तुमचा एक तसाच राहिला, असंही होऊ शकतं. आणि मग कॅन्टीनमध्ये तोंड दाखवायला जागा राहत नाही.

चिठ्ठी

आधी कशी लिहू नये ते बघू. "सर, मी खूप अभ्यास केला होता. तरी मला फक्त १४ मिळाले. माझ्यावर अन्याय झाला आहे. घरी बाबा खूप रागावतील. कृपया मार्क वाढवून द्यावेत ही नम्र विनंती." यात नम्र हा शब्द आहे, पण प्रश्न क्रमांक नाही. अभ्यास, बाबा आणि अन्याय यांतल्या कशालाही गुणदानाच्या योजनेत रकाना नाही. सरांनी हे वाचून करायचं तरी काय? अख्खा पेपर पुन्हा तपासायचा? ते तसं करणार नाहीत.

आता त्या मुलीची चिठ्ठी:

विषय: भौतिकशास्त्र, पहिली घटक चाचणी, प्रश्न ३ (ब) पुन्हा पाहण्याबाबत

आदरणीय सर,

मी अकरावी विज्ञान, तुकडी क, रोल नंबर ४७. चाचणीतल्या प्रश्न ३ (ब) मध्ये (गच्चीवरून वर फेकलेला दगड) मला ३ पैकी १ गुण मिळाला आहे. उत्तर पान ५ वर आहे.

मी संपूर्ण प्रवासाला एकच समीकरण न लावता प्रवासाचे दोन भाग केले आहेत. वर जाण्याचा वेळ २ सेकंद आणि सर्वोच्च बिंदूपासून जमिनीपर्यंत येण्याचा वेळ ३ सेकंद, असे एकूण ५ सेकंद. प्रश्नात ठरावीक पद्धत सांगितलेली नाही, म्हणून ही पद्धत ग्राह्य धरता येईल का, हे आपण कृपया पाहावे.

आपण ४५ या संख्येभोवती गोल केला आहे. इमारतीची उंची २५ मीटर आणि दगड वर गेला ती उंची २० मीटर, यांची ती बेरीज आहे. २० मीटर मी आधीच्या ओळीत काढले आहेत, पण बेरीज लिहून दाखवायची राहिली. त्या पायरीचे गुण जाणार असतील तर मला मान्य आहे.

आपल्या सवडीने पाहावे. आपण सांगाल तेव्हा मी स्टाफरूममध्ये येईन.

आपली विद्यार्थिनी,
(नाव)

यात "गुण वाढवा" असं कुठेच नाही. पद्धत ग्राह्य आहे का एवढंच विचारलंय. ते विचारणं विद्यार्थ्याचं काम, आणि त्यावर गुण किती द्यायचे ते ठरवणं सरांचं. ही वाटणी पाळली की विनंतीत आर्जवही उरत नाही आणि उद्धटपणाही येत नाही. कंसात प्रश्नाची ओळख दिली आहे, कारण सरांना ३ (ब) म्हणजे कुठला हे आठवेलच असं नाही, दगड लगेच आठवतो. पानाचा क्रमांक दिल्यामुळे गठ्ठ्यातून पेपर काढला की थेट जागेवर जाता येतं.

तिसरा परिच्छेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक मुलं आपल्या उत्तरातली उणीव लपवतात आणि सरांना ती पहिल्या नजरेत दिसते. ती आपणच सांगितली, तर सरांच्या मनातली मूळ शंका, म्हणजे हा ४५ आला कुठून, तीच सुटते. अशी चिठ्ठी माझ्यासमोर आली तर मी त्या उत्तराला अडीच देईन. न दाखवलेल्या बेरजेचा अर्धा कापेन, आणि तो कापल्याबद्दल मुलगी वाद घालणार नाही हे तिनं आधीच लिहिलेलं असेल.

शाळेत शिकवलेला अर्जाचा पूर्ण साचा, म्हणजे प्रति, मा. प्राचार्य, आपला आज्ञाधारक वगैरे, इथे लागत नाही. तो कार्यालयाला लिहिताना वापरा. विज्ञान शाखेचे पेपर इंग्रजीत असले तरी सरांशी तुम्ही मराठीत बोलत असाल तर चिठ्ठी मराठीतच लिहा. उसनं इंग्रजी आणून मुद्दा अडखळण्यापेक्षा ते बरं. सूत्रं मात्र पेपरात आहेत तशीच ठेवा. समोर मॅडम असतील तर "आदरणीय मॅडम" लिहा, बाकी काही बदलत नाही. बोलताना "तुम्ही" चालतं, लिहिताना "आपण" बरं दिसतं.

कधी आणि कुठे द्यायची

पेपर दाखवले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. एकदा गुणतक्ता भरून कार्यालयात गेला की एक गुण बदलायलाही सरांना वर परवानगी मागावी लागते, आणि मग तुमची बाजू खरी असली तरी त्यांना ते जड जातं. आठवड्यानंतर आलेल्या चिठ्ठीला "आता उशीर झाला" हे उत्तर मिळालं तर तक्रार करायला जागा नाही.

तास संपल्यावर दारातच सरांना गाठू नका, त्यांना पुढच्या तुकडीवर पोहोचायचं असतं. आणि कॉलेज सुटताना तर नकोच. कर्जत किंवा विरारची ठरलेली गाडी पकडायला निघालेला माणूस जिन्यात उभा राहून तुमची ४५ ची बेरीज ऐकणार नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी "सर, आत येऊ का?" विचारा, चिठ्ठी हातात द्या, "प्रश्न तीन ब बद्दल आहे, सवडीनं बघाल का?" म्हणा आणि निघा. तिथेच उभं राहून निकाल मागू नका, बाकीचे सर-मॅडम ऐकत असतात आणि सगळ्यांसमोर मत बदलणं कुणालाही अवघड जातं.

सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायला सांगितलं असेल तरच तिथे लिहा, तेही त्यांच्या खासगी क्रमांकावर आणि एकाच संदेशात. तुकडीच्या ग्रुपवर लिहिलंत तर दहा मिनिटांत आणखी वीस जण "सर, माझंही" म्हणून रांगेत येतील. व्हॉइस नोटही नको, गर्दीच्या डब्यात ती कोण ऐकणार.

दोन-तीन दिवसांत काही कळलं नाही तर एकदा आठवण करा: "सर, सोमवारी प्रश्न तीन ब बद्दल चिठ्ठी दिली होती, बघायला वेळ झाला का?"

सरांनी बोलावलं की

कधी संवाद असा होतो.

"पद्धत बरोबर आहे, पण मी वर्गात ही शिकवली नव्हती."

"हो सर. क्लासमध्ये दोन्ही दाखवल्या होत्या. मला ही आधी सुचली."

"मग ४५ लिहिताना हात का आखडता घेतला?"

"घाईत राहिलं, सर."

एवढंच पुरतं. इथे "आमच्या क्लासचे सर म्हणाले की पूर्ण मार्क मिळायला हवेत" हे वाक्य आलं की दार बंद होतं. क्लासच्या सरांना तुमचा पेपर तपासायचा नव्हता आणि कॉलेजच्या सरांना त्यांचं प्रमाणपत्र नको असतं.

पेपर पुन्हा उघडला की नजर फक्त तुमच्या प्रश्नावर थांबेलच असं नाही. शेजारच्या उत्तरात चुकून दिलेला गुण दिसला तर तो कमीही होऊ शकतो. हे गृहीत धरूनच जा.

सरांनी कारण देऊन नाही म्हटलं, तर एकदा खुलासा करायला हरकत नाही, दुसऱ्यांदा "पण सर" नको. त्याऐवजी विचारा, "सर, वार्षिक परीक्षेत हीच पद्धत वापरली तर कुठल्या ओळी लिहिल्याच पाहिजेत?" याचं उत्तर मिळतं, आणि ते तुमच्या उपयोगाचं असतं. गुणदानाच्या मतभेदावरून उपप्राचार्यांकडे जाऊ नका. बेरीज चुकलेली दाखवूनही ती दुरुस्त होत नसेल, तर मात्र आधी वर्गशिक्षकांना सांगा आणि मग वर जा.

गुण बदलले तर पहिल्या पानावरचा जुना आकडा खोडून नवा लिहिलेला आणि शेजारी सरांची सही झालेली असते. गुणपत्रिका हातात आली की तोच नवा आकडा चढलाय ना, हे पाहा. पेपरावर दुरुस्ती झाली आणि तक्त्यात राहिली, असं होतं.

बारावीला ही चिठ्ठी चालत नाही

बोर्डाच्या परीक्षेत तपासणारा कोण हे तुम्हाला कळत नाही आणि कळायलाही नको. तिथे राज्य मंडळाकडे मुदतीत, शुल्क भरून अर्ज करायचा असतो. मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीला आहे. गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेली उत्तरं एवढंच बघतात, तुमची पद्धत ग्राह्य आहे का हा प्रश्न तिथे विचारताच येत नाही. त्यासाठी पुनर्मूल्यांकन, आणि त्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मिळणं हा माहिती अधिकारातला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसईच्या एका खटल्यात स्पष्ट केलं होतं. छायाप्रत हातात आली की पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी ती कॉलेजातल्या विषयाच्या सरांना दाखवा, आणि सोबत वरच्यासारखीच प्रश्न क्रमांक, पान आणि कारण लिहिलेली अर्ध्या पानाची टिपण न्या. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून हे प्रत मिळेल त्याच दिवशी करा.